डॉलर कधी मोडायचे?

प्रश्न: न्यू जर्सीत तेरा वर्षं काढून आम्ही जून 2026 च्या मध्यावर पुण्याला कायमचे परततोय. बँकेत आणि अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांत मिळून 2 लाख 40 हजार डॉलर आहेत. निवृत्तीचं खातं वेगळं, त्याला हात लावणार नाही. ग्रीन कार्ड नाही. पुण्यात एनआरई खातं आहे. बाणेरला बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतलाय, करार नोंदवून झालाय. बिल्डरला जुलैत 40 लाख, जानेवारी 2027 ला 40 लाख आणि ऑक्टोबर 2027 ला ताब्याच्या वेळी 30 लाख द्यायचेत. इंटिरियरला 15, गाडीला 14, मुलीच्या शाळेला 5 आणि पगार सुरू होईपर्यंत घरखर्चाला 6 लाख धरलेत. मुलगी अमेरिकेतच जन्मलेली, दोन-तीन वर्षांनी कॉलेजला तिकडेच जाणार म्हणते. बाबा म्हणतात, सगळे पैसे आत्ताच आणून मोकळा हो, नाहीतर कायद्याची कटकट मागे लागेल. मेहुणा म्हणतो, थांब, रुपया अजून पडणार आहे. काय करू?
— परतीच्या वाटेवर

उत्तर: आधी बाबांची धास्ती दूर करू. परदेशात राहत असताना कमावलेले पैसे भारतात परतल्यावरही परदेशातच ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्यातल्या कलम 6(4) नुसार पूर्ण मुभा आहे. अमुक दिवसांत आणलेच पाहिजेत असं बंधन तुमच्यावर नाही. बदलावं लागतं ते एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपया खातं. कायमचं राहायला आलात की फेमाच्या लेखी तुम्ही लगेच निवासी होता, तेव्हा बँकेला कळवून ते खातं साधं निवासी करून घ्यायचं. हे काम लोक महिनोन् महिने टाळतात, कारण एनआरईचं व्याज करमुक्त असतं. पण ती सवलत परतल्याच्या दिवशीच संपते, खात्याचं नाव बदललं असो वा नसो.

म्हणजे घाई कायद्याची नाही. घाई कुठे आहे ते तुमच्याच आकड्यांतून काढू. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर 90 रुपये धरते. तुम्ही त्या-त्या दिवशीचा भाव घाला.

बिल्डरच्या हप्त्यांत जीएसटी धरलाय का, हे आधी बघा. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या फ्लॅटवर तो 5 टक्के असतो आणि प्रत्येक मागणीपत्रात वेगळा लावून येतो. तुम्ही गोल आकडे लिहिलेत, म्हणून मी तो धरलेला नाही असं समजते. मग 40 चे 42 होतात आणि 30 चे साडेएकतीस. जुलैपर्यंत हप्ता, गाडी, शाळा आणि घरखर्च मिळून 67 लाख लागतील, म्हणजे सुमारे 75 हजार डॉलर. जानेवारीच्या 42 लाखांना 47 हजार. ऑक्टोबर 2027 ला ताबा आणि इंटिरियर मिळून साडेशेहेचाळीस लाख, त्याचे 52 हजार. बेरीज 1 लाख 74 हजार डॉलर. उरले 66 हजार, आणि ते मुलीच्या कॉलेजला लागणार आहेत, तेही डॉलरमध्येच.

आता मेहुण्यांच्या सल्ल्याकडे पुन्हा बघा. रुपया पडेपर्यंत थांबायला मोकळे डॉलर लागतात आणि तुमच्याकडे तसा एकही नाही. थांबायचंच झालं तर ते बिल्डरच्या हप्त्याच्या पैशांवर थांबणं होईल. हप्ता चुकला तर महारेराच्या नियमांनुसार उशिरावर स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर, म्हणजे तिच्या कर्जांचा पायाभूत दर, अधिक 2 टक्के या दराने व्याज लागतं. भाव चढेल म्हणून थांबलेल्या माणसाला ते परवडत नाही.

मेहुणे अगदीच चुकीचं बोलत नाहीत म्हणा. 2006 साली डॉलर साधारण 45 रुपयांना होता, डिसेंबर 2025 मध्ये त्याने 90 ओलांडले. वर्षाला सरासरी साडेतीन टक्के धरा. पण हा कल वीस वर्षांचा आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये डॉलर 88 च्या जवळ गेला तेव्हा सगळीकडे नव्वदीची भाषा होती, आणि मेच्या सुरुवातीला तो 84 च्या आसपास आला. ऑगस्ट 2013 च्या अखेरीला 68 च्या वर गेलेला डॉलर दोन महिन्यांत 62 च्या आत होता. नव्वदी आली, पण फेब्रुवारीत थांबलेल्या आणि मेमध्ये हप्ता असलेल्या माणसाच्या ती उपयोगाची नव्हती. सहा महिन्यांत कल तुमच्या बाजूने पावणेदोन टक्के सरकतो आणि हेलकावा सहज चार-पाच टक्क्यांचा असतो, तोही दोन्ही दिशांना. म्हणून जवळच्या खर्चाचे डॉलर थांबवून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. सव्वा वर्षावरच्या खर्चाचे थोडे थांबवले तर चालतील, कारण तिथे कलाला काम करायला थोडी जागा मिळते.

पण थांबण्याचीही किंमत असते. डॉलरवर व्याज कमी, रुपयावर जास्त, हा फरक थांबणाऱ्याच्या खिशातून जातो. तुमच्या बाबतीत मात्र पहिली दोन वर्षं ही किंमत जवळपास नाहीशी होते, आणि त्याचं कारण प्राप्तिकरात आहे.

प्राप्तिकराचा निवासी फेमापेक्षा वेगळा ठरतो. इतकी वर्षं बाहेर राहून आलेला माणूस सुरुवातीला 'निवासी, पण सामान्यतः निवासी नाही' या वर्गात येतो. सगळे त्याला आरएनओआर म्हणतात. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असाल तर तुम्ही त्यात बसता. तुम्ही 2026-27 मध्ये बसता, 2027-28 मध्येही बसता. म्हणजे 31 मार्च 2028 पर्यंत निश्चिंत. या काळात परदेशात मिळालेल्या व्याजावर भारतात कर नाही, आणि भारतातल्या बँकेत परकीय चलनात ठेवलेल्या ठेवीच्या व्याजावरही नाही.

समजा डॉलर ठेवीवर 4 टक्के मिळतात आणि रुपयाच्या मुदत ठेवीवर साडेसहा. नोकरी लागल्यावर तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकर धरून साडेसहातले हातात साधारण साडेचार उरतात. डॉलरचे 4 मात्र पूर्ण हातात येतात. फरक वर्षाला अर्धा टक्का, म्हणजे डॉलरमागे 45 पैसे. जानेवारीच्या हप्त्याचे पैसे सहा महिने डॉलरमध्ये ठेवले तर व्याजातला तोटा दहा-अकरा हजारांवर जात नाही. एप्रिल 2028 नंतर डॉलरच्या व्याजावरही कर लागला की फरक पावणेदोन टक्क्यांवर जातो, आणि मग डॉलर वर्षाला दीड रुपयाने चढला तरच बरोबरी होते. थांबायचं असेल तर ते या खिडकीत थांबा.

ही रक्कम ठेवायची आरएफसी खात्यात, म्हणजे परतलेल्या माणसासाठी भारतातल्याच बँकेत असलेल्या डॉलर खात्यात. बचत आणि मुदत ठेव, दोन्ही प्रकारचं मिळतं. बऱ्याच शाखांत कर्मचाऱ्यांनाही याची सवय नसते, तेव्हा मोठ्या शाखेत किंवा अनिवासी कक्षात जा. आरएफसीतले पैसे पुन्हा परदेशात पाठवायला निवासी भारतीयांच्या वार्षिक अडीच लाख डॉलरच्या मर्यादेचं बंधन नाही. एकदा रुपये केलेत तर मात्र परत पाठवताना ती मर्यादा येते, ठरावीक रकमेच्या पुढे बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते, आणि बँकेची भावातली कपात दोनदा बसते. म्हणून मुलीचे 66 हजार आणूच नका. तुमच्या अमेरिकेतल्या बँकेत त्यांना अडीच लाख डॉलरपर्यंत ठेव विमा आहे, इथे तो एका बँकेत 5 लाख रुपयांपुरताच. सामान्य निवासी झालात की ते खातं विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं आणि त्याच्या व्याजावर इथे कर भरायचा, इतकं लक्षात ठेवा. तो तक्ता विसरणाऱ्यांना मोठा दंड होऊ शकतो.

एक काम मात्र विमानात बसण्याआधीच करता येईल. एफसीएनआर ही डॉलरमधली मुदत ठेव फक्त अनिवासी माणसालाच उघडता येते, पण आधी उघडलेली असेल तर परतल्यावरही ठरलेल्या दराने मुदत संपेपर्यंत चालू राहते. किमान मुदत एक वर्ष. मुदतीआधी मोडली तर वर्षाच्या आत व्याज मिळत नाही, म्हणून जानेवारीच्या हप्त्याचे पैसे तिच्यात अडकवू नका. ऑक्टोबर 2027 च्या 52 हजारांपैकी निम्मे, 26 हजार, जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्षभरासाठी ठेवलेत तर ते जून 2027 मध्ये सुटतील आणि आरएफसीत येतील, ऐन वेळेवर. त्या आठवड्यात आरएफसी आणि एफसीएनआरचे दर शेजारी ठेवून बघा. फरक नगण्य असेल तर हा खटाटोप सोडून द्या.

आता फीचं. पत्रात तुम्ही तिचा उल्लेखही केला नाहीत, आणि बहुतेकांचे पैसे जातात ते तिथेच. अमेरिकेतली बँक वायरला साधारण 25 ते 50 डॉलर घेते, ते दिसतात आणि लोक त्यावर चडफडतात. खरी फी भावात दडलेली असते. आंतरबँक बाजारात डॉलर 90 ला असताना तुमच्या खात्यावर थेट वायर आली तर बँक आपल्या कार्ड रेटने, म्हणजे रोजच्या छापील भावाने, समजा 89.10 ने रुपये करून टाकते. तुम्हाला कुणी विचारत नाही, पावतीवर 'शुल्क शून्य' असंही छापून येऊ शकतं. पंचाहत्तर हजार डॉलरवर हे साडेसदुसष्ट हजार रुपये झाले. तुमच्या हातात 66 लाख 82 हजार येतात, म्हणजे जुलैचे 67 लाखही पुरे पडत नाहीत. तीच रक्कम बँकेच्या ट्रेझरीकडून, म्हणजे चलनाचे व्यवहार करणाऱ्या विभागाकडून, भाव मागून 20 पैशांच्या फरकाने मोडली तर 67 लाख 35 हजार येतात. चलन बदलण्यावरचा जीएसटी कुठेही सुटत नाही, पण तो किरकोळ आहे. 10 लाखांच्या पुढे 5,500 रुपये अधिक वरच्या रकमेच्या 0.1 टक्का इतकं करपात्र मूल्य धरतात आणि त्यावर 18 टक्के लावतात. तुमच्या 67 लाखांवर तो सुमारे दोन हजार होतो.

कार्ड रेटमधून सुटायचं तर पैसे येण्याआधी बोलावं लागतं. मी परकीय चलन विभागात काम करत असताना, पैसे जमा झाल्यावर भाव वाढवून मागायला येणारे ग्राहक नेहमी बघायचे, आणि त्यांच्यासाठी आमच्या हातात काहीच नसायचं. म्हणून वायर रुपया खात्यावर नको. आरएफसीत मागवा, तिथे डॉलर डॉलरच राहतात. मग कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान रिलेशनशिप मॅनेजरला फोन करून 'या क्षणाला आंतरबँक भाव काय आणि तुम्ही किती पैसे कापताय' एवढंच विचारा. उत्तर टाळलं तर दुसऱ्या बँकेचा भाव घ्या. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी मोडू नका. बाजार बंद असताना बँक आपल्या सुरक्षिततेसाठी कपात वाढवते. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा मंच 2019 पासून सामान्य माणसालाही खुला आहे. तुमची बँक नोंदणी करून देत असेल तर भाव बाजाराचाच मिळतो आणि बँकेची फी आधीच ठरलेली असते. नोंदणीला वेळ लागतो, जुलैच्या हप्त्यासाठी त्याच्यावर विसंबू नका.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. जुलैचे 75 हजार जूनअखेरपर्यंत मोडून टाकले असते, भाव काहीही असो. जानेवारीच्या 47 हजारांपैकी निम्मे त्यांच्याबरोबरच, उरलेले ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. शेवटच्या 52 हजारांचे तेरा-तेरा हजारांचे चार भाग: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि सप्टेंबर 2027. एफसीएनआर केलीत तर शेवटचे दोन भाग तिच्यातूनच येतील. तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून बायकोला दाखवून ठेवा. मग एकच सूट: भाव चांगला वाटला तर तारखेआधी मोडायचं, तारखेनंतर कधीच नाही. मेहुण्यांचा अंदाज खरा ठरला आणि डॉलर 95 झाला, तर शेवटच्या हप्त्याला तीन हजार डॉलरच्या आसपास कमी लागतील, ते मुलीच्या खात्यात राहू द्या. उलट झालं, साडेपंच्याऐंशी झाला आणि तुम्ही सगळं शेवटपर्यंत थोपवून ठेवलं असतं, तर जानेवारी आणि ऑक्टोबरच्या हप्त्यांना मिळून पाच हजारांवर डॉलर जास्त गेले असते, आणि ते कॉलेजच्याच पैशांतून काढावे लागले असते. भाग पाडल्यामुळे दोन्हीकडची धार बोथट होते. पूर्ण फायदा मिळणार नाही हेही त्यातच आलं.

मार्च 2028 नंतरची आणखी एक शक्यता बघून ठेवा. आरएनओआरची दुसरी एक कसोटी आहे: मागच्या सात वर्षांत भारतात एकूण 729 किंवा त्याहून कमी दिवस राहिला असाल तरी तुम्ही त्यात बसता. 15 जूनला उतरलात तर मार्च 2028 पर्यंत 656 दिवस होतील. म्हणजे एप्रिल 2021 ते मार्च 2026 या पाच वर्षांतल्या तुमच्या सुट्ट्यांतले भारतातले दिवस 73 किंवा त्याहून कमी असतील तर तिसरं वर्षही करमुक्त व्याजाचं मिळतं. पासपोर्टावरचे शिक्के मोजा. एखादी लांब सुट्टी झाली असेल तर जमणार नाही, पण दोन आठवड्यांच्या धावत्या भेटीच घेत असाल तर जमेल. अगदी काठावर असाल तर परतायची तारीख आठवडाभर पुढे ढकलण्यानेही फरक पडतो.

आणि तिथून निघण्याआधी तुमच्या अमेरिकेतल्या बँकेच्या शाखेत जाऊन तीन गोष्टी नीट करून घ्या. ऑनलाइन वायरची रोजची मर्यादा किती आहे ते विचारा. ती अनेकदा तुमच्या रकमेपेक्षा कमी असते आणि वाढवायला प्रत्यक्ष सही लागते. खातं अनिवासी परदेशी म्हणून चालू ठेवतात का आणि भारतातला पत्ता घेतात का, हे लेखी विचारा. त्यासाठी डब्ल्यू-8बेन हा फॉर्म भरून द्यावा लागेल, आणि तो दिला की बँकेतल्या साध्या ठेवीच्या व्याजावर तिकडे कर कापत नाहीत. तिसरं म्हणजे अमेरिकेतला मोबाइल नंबर बंद करू नका, स्वस्तातल्या प्लॅनवर पोर्ट करून चालू ठेवा. वायर मंजूर करणारा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि पुण्यात पोहोचल्यावर नंबर गेलाय असं कळलं तर जुलैचा हप्ता अडकेल. कुणी 1 टक्का नव्या रेमिटन्स कराची भीती घातली तर सांगा, 2026 पासूनचा तो कर रोख रक्कम, मनी ऑर्डर आणि कॅशियर्स चेकने पाठवलेल्या पैशांवर आहे, बँक खात्यातून केलेल्या वायरवर नाही.

परतल्यावर आरएफसी उघडलं की आधी 500 डॉलरची एक वायर पाठवून बघा. ती किती दिवसांत आली, मधल्या बँकेने किती कापले आणि डॉलर म्हणूनच जमा झाली की कुणी परस्पर रुपये करून टाकले, हे पावतीवरून पडताळा. मगच 75 हजारांची पाठवा.